आठवड्यातल्या पाच रात्री दोन खोल्यांत : एका जोडप्याचं प्रकरण

दोघांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांना शाळेत सगळे बाई म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. त्यांच्या नवऱ्याला घरात आणि सोसायटीत दादा म्हणतात.

बाई ४९ वर्षांच्या, डोंबिवलीच्या एका शाळेत दुपारच्या अधिवेशनाला शिकवतात. दादा ५२ वर्षांचे, अंबरनाथला एका कारखान्यात पाळी सांभाळणारे सुपरवायझर. लग्नाला २४ वर्षं झालेली. दोन खोल्या आणि हॉल असं घर. मुलगी इंजिनीअरिंगला पुण्यात वसतिगृहात, त्यामुळे तिची खोली रिकामी. सासूबाईंना हॉलमधला दिवाणच हवा, कारण तिथून देवघर दिसतं आणि टीव्हीही.

बाई माझ्याकडे समुपदेशनाला पहिल्यांदा एकट्याच आल्या. तक्रार झोपेची नव्हतीच. म्हणाल्या, "मी चिडकी झालेय. वर्गात मुलांवर ओरडते, घरी ह्यांच्यावर. परवा सासूबाईंना उलट बोलले, तेही चहात साखर जास्त झाली म्हणाल्या एवढ्यावरून." खूप वेळाने, निघता निघता, त्यांनी सांगितलं की पाच आठवड्यांपासून त्या मुलीच्या खोलीत झोपताहेत. ऑगस्टमधल्या एका रात्री दोनच्या सुमाराला दादांच्या घोरण्याने त्या तिसऱ्यांदा जाग्या झाल्या. उठल्या, उशी उचलली आणि म्हणाल्या, "ह्या आवाजात माणूस मरेल. मी जाते त्या खोलीत." दार लावलं, तेही आपटून. सकाळी साडेचारला दादा उठले आणि चहा न घेताच कामाला गेले. त्या दिवसानंतर ह्या विषयावर घरात कोणी अक्षर काढलं नव्हतं. बाई रोज रात्री गुपचूप त्या खोलीत जायच्या, दादा रोज रात्री आपल्या खोलीचा दिवा लवकर बंद करायचे.

वेगळं झोपण्यावरून बिनसलेली जी जोडपी माझ्याकडे येतात, त्यांच्यात निर्णय बहुतेक वेळा असाच झालेला असतो: मध्यरात्री, अर्धवट झोपेत, रागात, आणि दोष एकाच्या माथी मारून. त्या वेळी उठून जाणारा माणूस झोप शोधायला निघालेला असतो, पण अंथरुणात उरलेल्याला दिसते ती फक्त पाठ. म्हणून कोणी कुठे झोपावं हे मी लगेच विचारलं नाही. आधी झोप नेमकी कशाने मोडते ते पाहायचं ठरवलं. दादांना घेऊन या म्हटलं. ते आले, खुर्चीच्या अगदी कडेला बसले आणि म्हणाले, "माझं काही म्हणणं नाही. तिला तिकडं बरं वाटतं ना, मग झालं."

दोघांनाही दोन आठवडे झोपेची वही लिहायला दिली. ती अवघड नसते. अंथरुणाला पाठ कधी टेकली, अंदाजे झोप कधी लागली, किती वेळा आणि कशाने जाग आली, शेवटी कधी उठलात, एवढंच लिहायचं. तेही सकाळी. रात्री घड्याळ बघून नोंदी करत बसलं तर त्याचाच झोपेला त्रास होतो. निम्म्या रात्री एकत्र आणि निम्म्या वेगळ्या काढा, असंही सांगितलं. त्यावर दादांनी पहिल्यांदा मान वर करून बघितलं.

एकत्र झोपलेल्या रात्रींपैकी एक रात्र बाईंच्या वहीत अशी होती: "दहाला ह्यांनी दिवा घालवला. मी पेपर तपासून साडेअकराला आडवी. बाराला डोळा लागला. एकला घोरण्याने जाग. दोनला घाम, पंखा पाचवर केला. सव्वादोनला ह्यांनी दोनवर आणला. तीनला परत घाम. साडेचारला गजर. नंतर झोप नाही." एका रात्रीत पाच वेळा मोड, आणि त्यातला घोरण्याचा हिस्सा एकच. बाईंना आणि दादांनाही तोवर वाटत होतं की सगळं त्या घोरण्यामुळेच आहे.

दादांच्या वहीत जाग आल्याची नोंद जवळपास नव्हती, फक्त रोज दोनदा लघवीला उठणं. समासात मात्र त्यांनी लिहिलं होतं, "सकाळी डोकं जड." शिवाय लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की डोळा लागतो, एकदा स्टेशन मागे गेलं. रक्तदाबाची गोळी चालू आहे. बाईंना विचारलं, घोरता घोरता हे मध्येच थांबतात का? बाई म्हणाल्या, "थांबतात ना. एकदम शांत होतं. मला वाटतं, चला, सुटले. मग गचका देऊन परत सुरू."

इथे समुपदेशन थांबवून मी त्यांना डॉक्टरकडे पाठवलं. नुसतं घोरणं आणि झोपेत श्वास अडणं ह्यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात घशाचा मार्ग झोपेत मिटतो, दहा सेकंदांहून अधिक काळ हवा आत जात नाही, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून अर्धवट जागा करतो आणि गचक्यासह श्वास परत सुरू होतो. त्या माणसाला ह्यातलं काही आठवत नाही. ते बघणारं एकच माणूस असतं, शेजारी झोपणारं. म्हणून घोरण्याला कंटाळून खोली बदलण्याआधी ही तपासणी व्हायला हवी, कारण खोली बदलली की साक्षीदारही जातो. डॉक्टर ह्यासाठी आठ प्रश्नांची एक चाचणी वापरतात: घोरणं, दिवसाचा थकवा, कोणी श्वास थांबताना पाहिला आहे का, रक्तदाब, वजनाचं प्रमाण, वय पन्नाशीपुढे आहे का, मानेचा घेर चाळीस सेंटिमीटरपेक्षा जास्त आहे का, आणि पुरुष आहे का. तीनला "हो" आलं तरी पुढे तपासावं असं मानतात, आणि पाच किंवा त्याहून जास्त आले तर धोका जास्त. दादांचे सात आले. फक्त वजनाच्या प्रश्नाला ते "नाही" म्हणू शकले.

घरीच झोपून करायची तपासणी झाली: छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाशी बारीक नळी. तासाला सरासरी २७ वेळा श्वास अडत किंवा उथळ होत होता. पाचच्या आत असेल तर ठीक, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या पुढे तीव्र, अशी विभागणी आहे. दादांना सीपॅप मशीन सुचवलं. हे मास्कमधून हलक्या दाबाने हवा देत राहतं, त्यामुळे घसा मिटत नाही. आधी महिनाभर भाड्याने घेतलं. पहिले दहा दिवस त्यांनी मास्क रात्रीत काढून फेकला. मग नाकाच्या मापाचा दुसरा मास्क मिळाला आणि जमलं. रात्री किमान चार तास तरी लागलंच पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. महिन्याच्या शेवटी ते पाच-साडेपाच तासांवर आले. डोकं जड होणं गेलं आणि लघवीला उठणं एकदावर आलं.

बाईंना रजोनिवृत्तीच्या घामासाठी त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे उपचार सुरू झाले, फरकही पडला, पण तो हळूहळू.

आता घोरणं थांबलं होतं, म्हणजे प्रकरण मिटायला हवं होतं. दादांनाही तसंच वाटलं. ऑक्टोबरच्या शेवटी बाई मोठ्या खोलीत परत आल्या. दुसऱ्या आठवड्यात वही पाहिली तर जाग चारदा. मास्क कुशीवर सरकला की फुसफुस, दोनला घाम, पंख्याची ओढाताण, साडेचारचा गजर. त्यात गजर सगळ्यांत वाईट. साडेअकराला आडव्या होणाऱ्या बाईंना तो पाच तासांत उठवतो आणि दादांना साडेसहा तासांनी. एकाला सूर्याआधी उठायचं आहे आणि दुसरीला रात्री उशिरापर्यंत पेपर तपासायचे आहेत. ह्यावर औषध नाही.

आमच्या कामात ही अवस्था खरं तर सोयीची ठरली. घोरणं होतं तोवर वेगळं झोपणं म्हणजे दादांवरचा आरोप होता. तो आरोप उतरला आणि तरी गरज उरली, तेव्हा दोघांना पहिल्यांदा असं बोलता आलं की ह्यात कोणाची चूक नाही, दोन शरीरांची वेळापत्रकं जुळत नाहीत.

तरी दादांचं मन तयार होत नव्हतं. मी त्यांना बाईंसमोरच विचारलं, "बाई शेजारी नसल्या की तुमचं नेमकं काय जातं?" हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. सगळं बोलणं ज्याची झोप मोडते त्याच्याभोवती फिरतं. दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझा पाय तिच्या पायाला लागला की मला झोप लागते. तेवढंच." बाईंना हे ठाऊक नव्हतं. चोवीस वर्षं त्यांना वाटत होतं की हे झोपेत पाय टाकतात, आणि त्या तो बाजूला सारत आल्या होत्या.

आणखी एक गोष्ट निघाली. दादांच्या वडिलांना शेवटच्या वर्षी अर्धांगवायू झाला होता. गावच्या घरात त्यांची खाट पडवीत टाकली होती. शेवटी शेवटी जेवणाचं ताटही तिकडेच सरकवलं जाई. दादांच्या लेखी दुसऱ्या जागी झोपणं म्हणजे बाजूला काढणं. बाई उशी घेऊन निघाल्या त्या रात्री त्यांना आठवली ती पडवी. त्यातच मुलीने कुठल्याशा बातमीचा दुवा घरच्या ग्रुपवर टाकला होता, "स्लीप डिव्होर्स" नावाचा. त्यातला दुसरा शब्द वाचून दादांनी फोन पालथा ठेवला होता.

वास्तविक नवराबायकोने रोज एका पलंगावर झोपणं आपल्याकडे फार जुनं नाही. वाड्यांमध्ये आणि गावच्या घरांमध्ये पुरुष ओसरीवर किंवा माडीवर आणि बायका-मुलं माजघरात, असं चालायचं. डबल बेड फ्लॅटबरोबर आला. पण हा इतिहास सांगून दुखावलेल्या माणसाचं समाधान होत नाही, हे मला पक्कं ठाऊक असल्याने मी तो दादांना सांगितला नाही.

संशोधनातही दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे. १९९४ साली ब्रिटनमध्ये पँकहर्स्ट आणि हॉर्न ह्यांनी एकत्र झोपणाऱ्या जोडप्यांच्या हालचाली मोजल्या. शेजारी कोणी असलं की माणूस झोपेत जास्त हलतो, पण विचारलं तर जोडीदारासोबत झोप चांगली लागते असंच बहुतेक जण सांगतात. म्हणजे दादा म्हणत होते ते खोटं नव्हतं आणि बाईंची वहीही खोटी नव्हती. २०१४ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठाच्या ॲमी गॉर्डन आणि सेरेना चेन ह्यांनी दाखवलं की रात्री झोप नीट झाली नाही की दुसऱ्या दिवशी जोडप्यांत खटके जास्त उडतात. बाई माझ्याकडे चिडचिड घेऊन आल्या होत्या, ती ह्याच वाटेने आली होती.

मग बोलणं कसं करायचं, हे आम्ही ठरवलं. वेळ: रविवारी सकाळी, पोहे खाऊन झाल्यावर, सासूबाई देवळात गेलेल्या असताना. झोपण्याच्या खोलीत किंवा रात्री ह्या विषयावर चकार शब्द काढायचा नाही. बाईंनी आधी माझ्यासमोर बोलून पाहिलं. पहिला प्रयत्न असा होता: "तुमचं मशीन, तुमचा गजर, तुमचा पंखा, मला झोपच मिळत नाही." तीन वेळा "तुमचा". दादा समोर नव्हते तरी मला त्यांचा चेहरा दिसला. दुसऱ्या प्रयत्नात त्या स्वतःपासून सुरू झाल्या. घरी प्रत्यक्षात जे बोलल्या ते त्यांनी नंतर मला असं सांगितलं:

"अहो, मला चार तासांवर झोप मिळत नाही आणि मग मी दिवसभर तुमच्यावर खेकसते. मला ते नकोय. शाळेचे पाच दिवस मी त्या खोलीत झोपून बघू का? शुक्रवारी आणि शनिवारी रात्री मी इथेच. संक्रांतीपर्यंत करून बघू, तुम्हाला नाही पटलं तर दुसरं काही शोधू. आणि झोप लागेपर्यंत मी तुमच्याजवळच असेन."

ह्यातल्या चार गोष्टी दादांचं मन वळवणाऱ्या ठरल्या. एक, कारण बाईंच्या शरीराचं होतं. दोन, किती रात्री हे ठरलेलं होतं. तीन, मुदत होती, म्हणजे हे कायमचं नव्हतं. चार, त्यांचं जे जाणार होतं त्याची भरपाई त्याच वाक्यात होती. दादांनी एकच अट घातली: "उशी मी नेऊन ठेवणार." पहिल्या रात्री त्यांनी खरंच बाईंची उशी आणि पाण्याचा तांब्या त्या खोलीत नेऊन ठेवला. बाई म्हणाल्या, आपल्याला कोणी पोचवायला आल्यासारखं वाटलं.

खोलीकडेही बघावं लागलं. ऑगस्टपासून बाई मुलीच्या पुस्तकांच्या खोक्यांमध्ये पातळ गादीवर झोपत होत्या आणि कंबर धरली होती. जो खोली बदलतो त्याच्या वाट्याला अडगळ आली की आठवड्याभरात मनात येतं, "मला हाकलून दिलंय." उलट जागा फार चांगली मिळाली तर दुसऱ्याला तसंच वाटतं. मुलीचा जुना एकेरी पलंग काढून साडेतीन फुटांचा नवा घेतला, सहा इंची गादी आणि जाड पडदा. पंखा पूर्णपणे बाईंचा. बाईंचं कपाट मात्र मुद्दाम मोठ्या खोलीतच ठेवलं. रोज साडी काढायला तिथे जावं लागतं, त्यामुळे ती खोली एकट्या दादांची झाली नाही. ज्यांना दुसरी खोली नाही त्यांना मी दोन वेगळी पांघरुणं आणि शेजारी लावलेल्या दोन एकेरी गाद्या सुचवते. कूस बदलल्याचा हेलकावा आणि पांघरुणाची ओढाताण ह्यांपुरतं ते पुरतं. गजर आणि दिवा ह्यांवर त्याचा काही उपयोग होत नाही.

सासूबाईंची दोघांना फार धास्ती होती. दादांनीच त्यांना सांगायचं, कारण आई त्यांची. ते म्हणाले, "आई, मी पहाटे उठतो आणि हिची झोप होत नाही, म्हणून ही शाळेच्या दिवशी त्या खोलीत झोपते." सासूबाईंनी वात वळता वळता उत्तर दिलं, "म्हणजे पंख्याचं भांडण मिटलं एकदाचं." विषय संपला. अडचण आली मुलीकडून. दिवाळीच्या सुट्टीत ती येणार होती आणि तिच्या खोलीत आईचा पलंग दिसला असता. बाईंनी ती यायच्या आधीच फोन केला, कारण स्वतःच्या डोळ्यांनी बघून मुलं जे ठरवतात ते नंतर खोडून काढणं कठीण जातं. तरी मुलगी आली आणि दोन दिवस दोघांचे चेहरे न्याहाळत राहिली. तिसऱ्या दिवशी आईबाप स्वयंपाकघरात करंज्यांच्या सारणावरून नेहमीसारखे वाद घालताना दिसले, मग ती निवांत झाली. सुट्टीत बाई मोठ्या खोलीत झोपल्या आणि शेवटी कपाळ धरून बसल्या, पण ते ठरवून होतं.

बिघडलं ते वेगळ्याच जागी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाई आल्या त्या रडवेल्या होऊन. सोसायटीतल्या एका शेजारणीने त्यांना विचारलं होतं, "दादा घेताहेत का हो व्हीआरएस?" कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीची नोटीस लावून दहा दिवस झाले होते आणि बाईंना पत्ता नव्हता. दादांना विचारलं तर म्हणाले, "सांगणार होतो. वेळच आली नाही." आणि ते खरं होतं. आधी दिवा घालवल्यावर अंधारात दोघांचा दिवसाचा हिशोब व्हायचा: वीजबिल, आईची औषधं, कारखान्यातलं राजकारण. कोणी ठरवलेलं नव्हतं, ते आपोआप व्हायचं, कारण दोघं शेजारी आडवे असायचे. "झोप लागेपर्यंत जवळ असेन" हा शब्द बाईंनी दोन आठवडे पाळला होता, मग परीक्षा आल्या, पेपरांचे गठ्ठे आले, आणि तो सुटला होता. झोप सुधारलेली होती, चिडचिड ओसरली होती, म्हणून दोघांनाही वाटत होतं सगळं छान चाललंय. वेगळं झोपणाऱ्यांच्या घरात दुरावा कसा ओळखावा असं कोणी विचारलं तर मी हेच सांगते: भांडणं वाढली का ते बघू नका, जोडीदाराची बातमी तिसऱ्याकडून कळायला लागली का ते बघा.

उपाय साधा होता, पण तो घड्याळात बसवावा लागला. पावणेदहा ते सव्वादहा. मोठ्या खोलीत, पलंगावर, दोघंही आडवे. फोन हॉलमध्ये. पेपर त्यानंतर. दादा मास्क लावण्याआधी बोलून घेतात, कारण मास्क लावल्यावर बोलता येत नाही. मग मास्क, दिवा बंद, आणि बाई पाय लावून पडून राहतात. दादांना झोप लागते ती पाच-सात मिनिटांत. उठताना बाई हळूच "येते" म्हणतात, ते ऐकू गेलं न गेलं तरी. सुरुवातीला दादांना ह्या उठण्याचंच दुःख होत होतं, म्हणून ते मुद्दाम जागे राहायचे. बाईंनी त्यावर एक युक्ती काढली. त्या आपली शाल पलंगावर तशीच ठेवून जाऊ लागल्या आणि सकाळी तीच शाल घ्यायला परत येऊ लागल्या. दादा पाच-सव्वापाचला निघतात तेव्हा ते बाईंच्या खोलीचं दार किलकिलं करून बघतात, उठवत नाहीत. दुपारी पावणेदोनच्या सुमाराला, पाळी सुटायच्या थोडं आधी, एक फोन. दोन वाक्यांचाच, पण रोज.

शरीरसंबंधांबद्दल दोघं आपणहून काही बोलले नाहीत, मलाच विचारावं लागलं. एका पलंगावर असताना जवळ येणं न ठरवता व्हायचं. आता दादांना बाईंच्या खोलीचं दार वाजवावं लागलं असतं, आणि ते म्हणाले, "परवानगी मागितल्यासारखं वाटतं." बाईंची बाजू वेगळी होती: "हे इकडे आले की त्याचा एकच अर्थ. नुसतं बसायला कधी येतच नाहीत." म्हणजे स्पर्श आता दोनच प्रकारचा उरला होता, झोपेआधी पायाला पाय आणि तो दुसरा. मधलं सगळं, पाठीवरून हात, डोक्याला तेल, हे गळालं होतं. मी दादांना आठवड्यातून दोनदा नुसतं त्या खोलीत जाऊन बसायला सांगितलं, पुढे काही व्हायचं नाही हे आधीच ठरवून. बाईंना सांगितलं, "आज नको" म्हणायचं असेल तर त्याच दमात दुसरा दिवस सांगा. आणि दार फक्त दादांनी वाजवायचं असं नाही, त्या खोलीतून ह्या खोलीत येणंही चालतं.

शनिवारची रात्र मात्र फसली. एकत्र झोपायची ती रात्र असल्यामुळे सगळी अपेक्षा तिच्यावर आली आणि दोघंही परीक्षेला बसल्यासारखे झाले. वर आठवड्याचा थकवा, मास्क, घाम. दोन-तीन शनिवार असेच गेल्यावर बाईंनीच सुचवलं, आणि सांगताना हसत होत्या: रविवारी दुपारी सासूबाई भजनी मंडळाला जातात, चार ते सहा घर मोकळं असतं. त्यानंतर शनिवार फक्त झोपायचा राहिला. झोपेची रात्र आणि जवळिकीची वेळ ह्या दोन गोष्टी सुट्या करता येतात, हे ह्या वयातल्या बऱ्याच जोडप्यांच्या ध्यानात येत नाही.

वेगळं झोपणं ही सोय आहे की पळवाट, हे ठरवायला मी त्यांना एक प्रश्न आधीच विचारला होता: उद्या गजर, घाम, आवाज सगळं नाहीसं झालं, तर तुम्ही परत त्या पलंगावर जाल का? बाई लगेच "हो" म्हणाल्या होत्या. ज्यांना उत्तर द्यायला वेळ लागतो, किंवा जे दिवसाही जोडीदाराच्या हाताखालून हात काढून घेतात, त्यांचं खरं भांडण झोपेबाहेर असतं आणि खोली बदलून ते झाकलं जातं. सुट्टीत काय होतं तेही मी पाहते. नाताळात हे दोघं तीन दिवस गुहागरला गेले, एका खोलीत राहिले आणि बाईंची झोप मोडली. परत आल्यावर दोघंही ह्याबद्दल हसत बोलले, त्यामुळे माझी शंका फिटली. झोपेत हातपाय झाडणं, ओरडणं, फिट येणं किंवा इन्सुलिनमुळे रात्री साखर उतरणं असं काही असेल, तर वेगळ्या खोलीचा विचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. ह्या घरात तसं काही नव्हतं.

संक्रांतीला मुदत संपली तेव्हा बाईंच्या वहीत झोप साडेसहा तासांवर आली होती आणि जाग एकदा, कधी दोनदा. थंडीत पंख्याचा प्रश्नच नसल्याने त्या जानेवारीत तीन रात्री मोठ्या खोलीत झोपू लागल्या. मार्चमध्ये उकाडा सुरू झाला आणि पुन्हा दोनवर आल्या. दादांनी ह्यावर कुरकूर केली नाही.

आता वेगळाच पेच आहे. दादांनी व्हीआरएस घेतली आहे, जूनपासून साडेचारचा गजर वाजणार नाही. दादांना वाटतं, मग कारणच संपलं. शेवटच्या भेटीत बाई बराच वेळ बांगड्या फिरवत बसल्या आणि म्हणाल्या, "मला ती खोली आवडायला लागलीय. खिडकीपाशी बसून वाचते मी रात्री. चोवीस वर्षांत माझी म्हणावी अशी एक खुर्चीसुद्धा नव्हती घरात." गजर गेला तर परत जाल का, ह्या प्रश्नाला त्यांनी आधी दिलेलं उत्तर आता तितकं सरळ राहिलेलं नाही, आणि हे दादांसमोर त्यांनी अजून म्हटलेलं नाही. बोलायचं कसं हे त्यांना आता येतं. रविवार सकाळ, पोहे झाल्यावर. मे महिन्याच्या सुट्टीत मुलगी येऊन गेली की बोलणार आहेत, आणि त्यानंतर दोघांनी माझ्याकडे यायची वेळ घेऊन ठेवली आहे.